पांढरी पाचवरचा रिफ

आमच्या बँडमधल्या एकालाही स्टाफ नोटेशन वाचता येत नाही. गोव्यात हे सांगताना जरा ओशाळल्यासारखं होतं, कारण इथे चर्चमध्ये व्हायोलिन वाजवणारं शाळकरी पोरसुद्धा समोरचा कागद बघून सरळ वाजवायला लागतं. आमची सगळ्यांची घरं डिचोली-साखळीकडची. ताई लहानपणी हार्मोनियम शिकली आणि काकांच्या भजनात साथीला बसायची, ती आता कीबोर्डवर. ड्रमवाला चतुर्थीला घरोघरी आरत्यांना घुमट वाजवतो. मी आणि माझा मामेभाऊ गिटारवर, आणि बास ज्याच्याकडे आला त्याच्याकडे तो केवळ उंच असल्यामुळे आला. गाणारा कॉलेजातला मित्र. सुरांची समज थोडीफार सगळ्यांना होती, पण कुणाचं गाणं बसवायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

पहिलं गाणं घेतलं डीप पर्पलचं ‘स्मोक ऑन द वॉटर’. गिटार हातात घेतलेला जवळजवळ प्रत्येक जण आधी ह्याच गाण्याचा रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा तो छोटा तुकडा, वाजवून बघतो, म्हणून आम्हीही. १९७१ च्या डिसेंबरात स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो इथल्या कॅसिनोला मैफल चालू असतानाच आग लागली आणि सरोवरावर धूर पसरला. डीप पर्पल तेव्हा रेकॉर्डिंगसाठी त्याच गावात आले होते. त्यावरून हे गाणं झालं आणि १९७२ च्या अल्बममध्ये आलं. गाणं सोपं आहे असं सगळे सांगतात. चार सुरांचा रिफ खरंच सोपा आहे. त्याच्या भोवतीचं गाणं तितकं सोपं नाही, हे बसवायला घेतल्यावर कळलं.

सुरुवात कानाने झाली, आणि ती आमच्या घरात अगदी आपोआप झाली. मी मोबाइलवर गाणं लावलं तेव्हा काका बाहेर पडवीत होते. ते आत आले, हार्मोनियम पुढे ओढली आणि म्हणाले, “हें पांढरी पाच.” म्हणजे इंग्रजी हिशेबात जी. मग आम्ही तो रिफ सरगममध्येच घेतला: सा, कोमल ग, म. मग सा, कोमल ग, तीव्र म, म. मग पुन्हा सा, कोमल ग, म आणि कोमल गवरून खाली सा. तीव्र आणि शुद्ध मध्यम लागोपाठ आलेले पाहून काकांना मजा वाटली. “ललितात येतात तसे दोन्ही मध्यम,” असं म्हणून ते पुन्हा पडवीत गेले. बाकीच्या गाण्यात त्यांना रस नव्हता.

कानाने उचलण्याचा फायदा तिथल्या तिथे मिळाला. सहाही जणांच्या तोंडात रिफ बसला. वाद्य जवळ नसलं तरी गुणगुणता यायला लागला. पावसाळ्यात आमच्याकडे करंट जायला निमित्त लागत नाही. अँप बंद पडला की आम्ही नुसतं सा, कोमल ग, म म्हणत बसायचो, आणि ड्रमवाला मांडीवर ठेका धरायचा. कागदावरून घेतलेलं गाणं असं अंधारात पुढे सरकत नाही.

पण कानाची हद्द लगेच लक्षात आली. आम्ही गिटारवर रिफ वाजवला तो एकेका सुराचा. सूर सगळे बरोबर होते. तरीही मूळ रेकॉर्डिंगशेजारी आमचा रिफ केविलवाणा वाटत होता. मामेभावाने मग तोच रिफ पॉवर कॉर्डमध्ये वाजवला, म्हणजे प्रत्येक सुरावर त्याचा पंचम चढवून. आवाज भरला, पण आता तो भलताच जड झाला आणि चाल कुठेतरी आत दबली. दोघांपैकी कुणाचंच जुळत नव्हतं, आणि का जुळत नाही हे कानाला सांगता येत नव्हतं. पहिल्यांदा टॅब उघडला तो ह्यासाठी.

टॅब म्हणजे गिटारच्या तारांच्या आडव्या रेघा आणि त्यावर कितव्या पडद्यावर बोट ठेवायचं त्याचे आकडे. शून्य म्हणजे तार मोकळी. आमच्यासमोर जो टॅब आला त्यातला रिफ असा होता:

```
G|--0--3--5----0--3--6-5----0--3--5--3--0--|
D|--0--3--5----0--3--6-5----0--3--5--3--0--|
```

सगळी गोम ह्या दोन रेघांत होती. तिसरी आणि चौथी तार एकाच वेळी, एकाच पडद्यावर. चाल आहे ती तिसऱ्या तारेवर, म्हणजे वरच्या सुरात. तिच्याखाली चौथ्या तारेवर जो सूर लागतो तो त्या त्या सुराचा पंचमच, पण खालच्या सप्तकातला. सा आणि त्याच्या खाली मंद्र पंचम. पॉवर कॉर्डमध्येही हेच दोन सूर असतात, फक्त सा खाली आणि पंचम वर. मामेभावाच्या पॉवर कॉर्डमध्ये वर ऐकू येत होता तो पंचम, म्हणून चाल दबत होती. इथे सा वर ठेवलाय, त्यामुळे चाल स्वच्छ ऐकू येते आणि खालून तिला आधार मिळतो. दोन सूर इतके एकजीव होतात की आमच्या कानाला तो एकच सूर वाटला होता. हे आम्ही किती वेळा ऐकलं असतं तरी कळलं असतं असं मला वाटत नाही. टॅबने ते एका नजरेत दाखवलं.

वाजवायचंही कसं ते त्यावरून सुचलं. पिक वरून खाली ओढला तर आधी चौथी तार वाजते, मग तिसरी. फरक अगदी बारीक, पण रिफ खरखरतो. अंगठा आणि तर्जनी अशा दोन बोटांनी दोन्ही तारा चिमटीत उचलल्या की दोन्ही सूर एकदम सुटतात. डीप पर्पलचा गिटारवाला रिची ब्लॅकमोर हा रिफ असाच बोटांनी छेडतो. पिक बाजूला ठेवल्यावर आमच्या रिफला प्रथमच ती धार आली.

मग दुसरा टॅब मिळाला आणि वाद सुरू झाला. त्यात पहिला सूर मोकळ्या तारांवर नव्हता. तो चौथ्या आणि पाचव्या तारेवर, पाचव्या पडद्यावर होता. पुढचे तिसरा, पाचवा, सहावा पडदा पहिल्या टॅबसारखेच, तिसऱ्या-चौथ्या तारेवर. मामेभाऊ म्हणाला, दोघांपैकी एक चूक आहे. ताईने कीबोर्डवर दोन्ही तपासले तर सूर तेच! पाचव्या तारेचा पाचवा पडदा म्हणजे मोकळी चौथी तार, आणि चौथ्या तारेचा पाचवा पडदा म्हणजे मोकळी तिसरी. मग फरक कशात? मोकळी तार आपण हात लावेपर्यंत घुमत राहते. दाबलेल्या तारेवरचं बोट नुसतं सैल केलं की सूर तिथेच तुटतो. ह्या रिफमध्ये पहिले दोन सूर आखूड आहेत, मध्ये श्वास आहे. मोकळ्या तारांवर वाजवताना तो श्वास भरून जातो आणि सगळं एकमेकांत सांडतं. मामेभावाने दुसरा टॅब घेतला. मी तेव्हा मोकळ्या तारांवरच वाजवत राहिलो आणि उजव्या तळव्याची कड तारांवर टेकवून आवाज तोडायचो. टॅब वाचताना सुरांच्या बरोबरीने हेही बघायला लागतं की हात कुठे राहतो आणि तिथून सूर थांबवता येतो का.

आता ह्याच टॅबकडे पुन्हा बघा. कुठला सूर किती लांब, हे त्यात कुठेही लिहिलेलं नाही. आकड्यांमधल्या जागा कमीजास्त आहेत, पण त्या टाइप करणाऱ्याच्या मर्जीने सोडलेल्या. मोबाइलच्या स्क्रीनवर वाजवून दाखवणारे टॅब असतात त्यात लय दिसते. साध्या टाइप केलेल्या टॅबमध्ये नाही. आणि ह्या रिफची खरी मेख लयीतच आहे.

ती पकडली ड्रमवाल्याने. आम्ही दोघे गिटारवाले खुशीत वाजवत होतो आणि तो दर वेळी हात थांबवून मान हलवायचा. शेवटी त्याने काठ्या खाली ठेवल्या आणि टाळ्यांवर मोजायला लावलं: एक-आणि-दोन-आणि-तीन-आणि-चार-आणि. पहिले तीन सूर सरळ एक, दोन, तीनवर पडतात. मग आम्ही पुढचा सा चारवर आणत होतो. तो चारवर नाहीच. तो चारच्या ‘आणि’वर आहे. पुढचा कोमल ग एकच्या ‘आणि’वर, तीव्र म दोनच्या ‘आणि’वर, आणि तिथून लगेच शुद्ध म तीनवर, तो लांबवायचा. म्हणजे मधला तुकडा जवळजवळ सगळा आड जातो आणि शेवटच्या सुरावर समेसारखा जागेवर येतो. तिसरा तुकडा पुन्हा सरळ एक, दोन, तीन. मग कोमल ग चारच्या ‘आणि’वर, आणि शेवटचा सा पुढच्या एकच्या ‘आणि’वर. चार मात्रांच्या चार घरांत हा रिफ पुरा होतो.

बरोबर वाजतंय का हे ओळखायची त्याने दिलेली खूण आम्ही आजही वापरतो. स्नेअरचा टोला दोन आणि चारवर पडतो. चारवरचा टोला एकटा ऐकू यायला हवा, आणि आपला सा त्याच्या लगेच मागे. टोला आणि सा एकत्र वाजले की समजायचं, आपण सरळ करून टाकलं. घुमटावर आडलयीच्या जागा घेणाऱ्याला हे चटकन सापडलं, आम्हाला नाही. नेटवर वेग कमी करून ऐकायची सोय असते. पाऊणपट वेगाने लावलं की सूर बदलत नाही, चाल संथ होते, आणि ही ‘आणि’ची जागा स्पष्ट दिसते. अर्ध्या वेगाला मात्र आवाज चिरफाळतो, त्याने फारसं काही साधलं नाही.

म्हणजे कुठला सूर हे कानाने दिलं, हात कुठे हे टॅबने, आणि सूर कधी हे पुन्हा कानानेच. तोवर कॉर्ड चार्टकडे, म्हणजे गाण्यात कुठे कुठला कॉर्ड येतो ते लिहिलेल्या कागदाकडे, आम्ही ढुंकूनही बघितलं नव्हतं. त्याची गरज बाकीच्यांना पडली.

बासवाल्याने आधी आमच्याबरोबर रिफच वाजवायला घेतला होता. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकलं तर बास जवळपास ऐकूच येत नाही, एवढ्याशा स्पीकरला खालचे सूर पेलत नाहीत. त्यामुळे मूळ बास काय करतो हे त्याला माहीतच नव्हतं. इयरफोन लावल्यावर कळलं की बास बहुतेक वेळ रिफच्या मागे जातच नाही. तो पांढरी पाच धरून एका मात्रेत दोन असे आठवे ठोकत बसतो, आणि त्या एका सुरावर वरचा रिफ हलतो. हे चार्टने सांगितलं नसतं. उलट चार्टवर रिफ G5, Bb5, C5 असा लिहिलेला होता, तो बघून कुणीही बासवाला त्या प्रत्येक सुरावर उडी मारेल. रेकॉर्डिंगमध्ये वाद्यं एकेक करून येतात: आधी गिटार एकटी, मग हाय-हॅट आणि ऑर्गन, मग उरलेले ड्रम, मग बास. ही सुरुवात शिकणाऱ्यांना वरदान आहे, कारण प्रत्येकाला आपला भाग दुसऱ्यांच्या गर्दीआधी ऐकता येतो.

ताईची अडचण वेगळी. तिच्या चार्टवर Gm लिहिलेलं होतं, म्हणून ती तीन बोटांनी पूर्ण मायनर कॉर्ड धरत होती. एकटीने वाजवलं की गोड. गिटारचं डिस्टॉर्शन चालू केलं की चिखल. G5 मधला पाच म्हणजे सा आणि पंचम एवढंच, मधला गंधार नाही. म्हणून तो कॉर्ड मेजरही नाही आणि मायनरही नाही. डिस्टॉर्शनमध्ये दोन सूर एकत्र गेले की अँप त्यांच्या मिश्रणातून आणखी सूर तयार करतो. सा-पंचमच्या जोडीत हे जादाचे सूर त्यांच्याशी जुळणारेच निघतात. गंधार घातला की न जुळणारे निघतात, आणि गुरगुर ऐकू येते. रेकॉर्डिंगमध्ये डीप पर्पलच्या जॉन लॉर्डचा ऑर्गनही अँपमधून फाटलेल्या आवाजात गिटारबरोबर तोच रिफ वाजवतो. ताईने मग गंधार सोडून दिला आणि आमच्यासारखेच दोन सूर धरले. कीबोर्डवर तिने ऑर्गनचा जरा खरबरीत टोन निवडला, आणि प्रॅक्टिसच्या खोलीची भिंत थरथरली.

मग चार्ट कशाला? गाणं पुरं करायला. रिफ येत असूनही आम्ही कडव्यात हरवत होतो. कडवं बहुतेक G5 वर उभं आहे, ओळीच्या शेवटाकडे F5 ला उतरून परत येतं. धृपदाला C5, मग Ab5, मग परत G5. दुसऱ्यांदा C5, Ab5 आणि थेट रिफ. चार्टवर हे अर्ध्या पानात मावतं, आणि सहाही जण एकाच कागदाकडे बघू शकतात. टॅब फक्त गिटारवाल्यांचा, सरगम माझ्या आणि ताईच्या कामाची. चार्ट मात्र बासवाल्यालाही कळतो आणि गाणाऱ्यालाही. “धृपदाच्या दुसऱ्या Ab5 पासून घेऊया” असं म्हणता आलं तेव्हा आमची प्रॅक्टिस निम्म्या वेळात व्हायला लागली. त्याआधी चुकलं की दर वेळी पहिल्यापासून.

नेटवरच्या चार्टमध्ये कॉर्डची अक्षरं शब्दांच्या डोक्यावर लिहिलेली असतात, पण घरं आखलेली नसतात. Ab5 किती मात्रा धरायचा ते त्यात नाही. आम्ही ताईच्या जुन्या वहीत उभ्या रेघा मारून घरं आखली, गाणं ऐकत प्रत्येक घरात एकेक कॉर्ड लिहिला आणि गाणाऱ्याने कुठे तोंड उघडायचं तिथे फुली मारली. तयार चार्ट हा नुसता कच्चा माल. कानाने मोजून भरलेला चार्ट हाच खरा आमचा.

चार्टचा दुसरा उपयोग गाणाऱ्यामुळे कळला. पांढरी पाचवर त्याचा आवाज वरच्या जागी फाटत होता. पहिलं धृपद निघायचं, शेवटपर्यंत घसा बसायचा. काकांना विचारलं तर भजनी उत्तर आलं: “पट्टी उतरव.” पांढरी तीन केली. म्हणजे काळ्या-पांढऱ्या सगळ्या मोजून प्रत्येक गोष्ट तीन पट्ट्या खाली. चार्टवर हे काम चहा होईपर्यंत झालं: G5 चा E5, F5 चा D5, C5 चा A5, Ab5 चा F5. बासवाल्याने फक्त मोकळी चौथी तार धरली आणि खूश झाला. सरगम तर बदललीच नाही, सा कुठेही असला तरी कोमल ग हा कोमल गच.

टॅब मात्र पूर्ण मेला. मोकळ्या तारांच्या खाली जायला तिथे जागाच नाही. रिफ आम्हाला एक जोडी खाली, चौथ्या आणि पाचव्या तारेवर न्यावा लागला, दुसरा, पाचवा, सातवा आणि आठवा पडदा. जोड्यांचा आकार तोच राहिला. त्यात एक फायदाही निघाला: आता एकही तार मोकळी नाही, त्यामुळे मी आणि मामेभाऊ एकसारखं तोडायला लागलो. एक तोटाही आहे. सूर खाली आल्याने डिस्टॉर्शन जरा कमी करावं लागतं, नाहीतर बास आणि गिटार एकमेकांच्या अंगावर येतात. ड्रमवाल्याला पट्टी बदलल्याचा पत्ताच नव्हता. तो आजही म्हणतो की गाणं आधीसारखंच आहे.

पुढची गाणी घेताना आता आमच्यात न ठरवता एक क्रम पडलाय. आधी सगळ्यांनी ऐकून गुणगुणायचं, हातात वाद्य नाही. मग ताई सा शोधते आणि आम्ही घरं मोजत वहीत चार्ट करतो. टॅब सगळ्यात शेवटी, आणि तोही पूर्ण गाण्याचा नाही. जिथे सूर बरोबर असून आवाज जुळत नाही, तेवढ्याच तुकड्यापुरता. मामेभावाला हे पटत नाही. तो अजून टॅबपासूनच सुरू करतो आणि त्याचा हात आमच्या आधी बसतो, हे खरं आहे. पण मध्येच एखादा सूर सुटला तर त्याला पुन्हा आत शिरता येत नाही, कारण त्याला पडद्यांचे आकडे पाठ असतात, चाल नाही.

ह्या गाण्याचा गिटार सोलो आम्ही अजून घेतलेला नाही. टॅबवर त्यात तार ओढून सूर चढवायच्या खुणा आहेत, किती ओढायची तेही आकड्यात लिहिलंय, पण पट्टी बदलल्यावर ते सगळे आकडे पुन्हा मांडावे लागतील. तूर्त त्या जागी ताई ऑर्गनवर पांढरी तीनमध्ये स्वतःचंच काहीतरी वाजवते. त्यात तिने काकांचे दोन्ही मध्यम घुसवलेत.